साडेसात कशाचे? बर्फाच्या क्रशरची चावी परत परत दबते तेव्हा

गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बर्फाच्या कारखान्यांना मोटर उघडायला, बेअरिंग बदलायला, जळलेली मोटर काढून दुसरी बसवायला तेवढाच वेळ मिळतो. ऑगस्ट लागला की मालिमला काय नि कुटबणला काय, ट्रॉलर बर्फ भरायला रांगेत असतात आणि क्रशरला उसंत मिळत नाही. नेमक्या याच दिवसांत हा बिघाड तोंड वर काढतो. गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरची चावी, म्हणजे शाफ्ट आणि कपलिंगच्या खाचांत बसून दोघांना एकत्र फिरवणारा लोखंडी तुकडा, जाते. टर्नर नवी करून देतो, पंधरा दिवसांत तीही जाते. तिसऱ्या वेळी कोणीतरी म्हणतो की चावीचे लोखंडच हलके आहे, आणि मग आणखी कडक चावी घातली जाते. त्यानंतर जाते ते कपलिंग.

लोखंडाचा दोष बहुतेक वेळा नसतो. गेल्या वर्षापर्यंत हीच चावी, याच मापाची, सीझनभर टिकत होती. बंदीच्या काळात काय बदलले, हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर बहुधा "मोटर बदलली, पण तीच, साडेसातची" असे येते. सगळी गोम त्या "साडेसात"मध्ये आहे.

काढलेली चावी फेकू नका

हिशेबाला बसण्यापूर्वी जुनी चावी पुसून उजेडात धरा. तिची दोन रूपे दिसतात आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

चावी मधोमध सरळ कापली गेली असेल, म्हणजे अर्धी शाफ्टच्या खाचेत आणि अर्धी कपलिंगच्या खाचेत राहिली असेल, तर एकाच झटक्यात फार मोठा जोर आला होता. लादीबरोबर लोखंडाचा आकडा आत गेला, असला काहीतरी प्रकार.

पण बहुतेक वेळा चावी कापलेली नसते, दबलेली असते. वरच्या बाजूला, जिथे ती कपलिंगच्या खाचेला टेकते, तिथे एका अंगाला पायरी पडलेली दिसते. नखाने लागते. कड बाहेर फुगलेली असते आणि भोवती तांबूस पूड असते. आधी चावीची बाजू दबते, त्यामुळे कपलिंग शाफ्टवर किंचित हलायला लागते, प्रत्येक लादीला टक्-टक् आवाज येतो, आणि शेवटी चावी कलंडून खाचेची कड सोलते. म्हणजे हा एका दिवसाचा अपघात नाही. चावीवर वारंवार तिच्या सोसण्याच्या थोडा वर जोर येतो आहे. किती वर, ते हिशेबाने काढता येते.

खाच दबलेली असेल तर नवी चावी घालून उपयोग नाही. ती पहिल्या दिवसापासून सैलच बसणार. खाच साफ करून घ्या, किंवा हब बदला, आणि मग पुढे जा.

तीच मोटर बसली कशी?

नेहमीची जुळणी धरू. चौपोली थ्री-फेज मोटर, प्लेटवर १४४० आरपीएम. ती फ्लँजने हेलिकल गिअरबॉक्सवर बसवलेली, गुणोत्तर ५:१. म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट आणि क्रशरचा ड्रम २८८ आरपीएमने फिरतो. शाफ्ट ३५ मिमीचा. त्यावर स्पायडर कपलिंग, चावी १० × ८ मिमी, लांबी ४० मिमी, चौकोनी टोकांची.

जुनी मोटर ५.५ किलोवॅटची होती, म्हणजे ७.५ एचपीची. तिला सगळे "साडेसातची मोटर" म्हणायचे. फोनवर ऑर्डर देताना "साडेसात" एवढेच सांगितले गेले आणि दुकानातून साडेसात किलोवॅटची आली. ती १० एचपीची असते. मोटरच्या ठरलेल्या मापांत हा एक आकडा दोन्हीकडे येतो. ५.५ किलोवॅटची मोटर म्हणजे ७.५ एचपी आणि ७.५ किलोवॅटची म्हणजे १० एचपी. म्हणून चूक इथेच जास्त होते. ३.७ किंवा ११ च्या बाबतीत असा घोळ सहसा होत नाही.

बसवताना तरी लक्षात यायला हवे होते, असे वाटेल. पण चौपोलीत ५.५ किलोवॅटची फ्रेम १३२ एस आणि ७.५ ची १३२ एम. दोन्हींचा शाफ्ट ३८ मिमी, मध्याची उंची १३२ मिमी आणि फ्लँजही तीच. फरक एवढाच की दुसरीचे धड थोडे लांब. पायावर बसणाऱ्या मोटरला भोकांच्या अंतरावरून तरी शंका येते. फ्लँजची मोटर मात्र चार बोल्टांवर गुपचूप बसते.

तेव्हा प्लेट स्वतः वाचा. खाऱ्या हवेने प्लेट बऱ्याचदा पांढुरकी होऊन अक्षरे दिसत नाहीत. ओल्या फडक्याने पुसून बाजूने टॉर्च मारली की कोरलेले अंक सावलीने उठून दिसतात. रिवाइंडिंग करून आलेल्या मोटरला कधीकधी दुसऱ्याच मोटरची प्लेट असते, तेही ध्यानात असू द्या.

किलोवॅट आणि आरपीएमवरून टॉर्क

शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. वेग आरपीएममध्ये मोजतो, पण सूत्राला तो रेडियन प्रति सेकंदात लागतो; एका फेऱ्यात २π रेडियन आणि एका मिनिटात ६० सेकंद. किलोवॅटचे वॅट करायला १००० ने गुणायचे. हे सगळे एकत्र केले की ६०,००० भागिले २π, म्हणजे ९५४९.३ येते. कामापुरते ९५५० धरा.

```
टॉर्क (न्यूटन-मीटर) = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम
टॉर्क (न्यूटन-मीटर) = ७१२१ × एचपी ÷ आरपीएम
१ एचपी = ०.७४५७ किलोवॅट
```

दुसरी ओळ वेगळी नाही. ९५४९.३ ला ०.७४५७ ने गुणले की ७१२१ येतात. दोन्हींपैकी कोणतीही वापरा, फक्त ९५५० बरोबर एचपी किंवा ७१२१ बरोबर किलोवॅट घालू नका. तशी गल्लत केली की उत्तर ३४ टक्क्यांनी वर किंवा २५ टक्क्यांनी खाली जाते. उत्तर अशक्य वाटत नाही, म्हणूनच ते पकडले जात नाही.

आता आपल्या दोन मोटरी. जुनी: ९५५० × ५.५ ÷ १४४० = ३६.५ न्यूटन-मीटर. नवी: ९५५० × ७.५ ÷ १४४० = ४९.७ न्यूटन-मीटर. हा मोटरच्या शाफ्टवरचा टॉर्क झाला. चावी ज्या शाफ्टवर आहे तो गिअरबॉक्सच्या पलीकडे, २८८ आरपीएमने फिरतो. तिथे वेग पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणून टॉर्क पाचपट होतो, आणि गिअरच्या घर्षणात जाणारे वजा करावे लागते. हेलिकलच्या दोन जोड्यांना ०.९६ ही कार्यक्षमता धरणे ठीक आहे. वर्म गिअरला असे धरू नका. तिथे तोटा बराच जास्त असतो आणि गुणोत्तर वाढेल तसा वाढतो.

जुन्या मोटरवर: ३६.५ × ५ × ०.९६ = १७५ न्यूटन-मीटर. नव्या मोटरवर: ४९.७ × ५ × ०.९६ = २३९ न्यूटन-मीटर, जवळपास.

ताळा म्हणून थेट २८८ घालून बघा: ९५५० × ७.५ × ०.९६ ÷ २८८, उत्तर २३९ च येते. आरपीएम ज्या शाफ्टचा घालाल त्याच शाफ्टचा टॉर्क मिळतो. सूत्राला गिअरबॉक्स दिसत नाही.

मोठी मोटर म्हणजे जास्त जोर, पण कधी?

इथे जाणकारही अडखळतात. प्लेटवरची शक्ती ही मोटर सतत किती देऊ शकते ती मर्यादा आहे. ती प्रत्यक्षात किती देते, हे काम ठरवते. लादी तेवढीच, ड्रम तोच, वेग तोच, मग ७.५ किलोवॅटची मोटर लावली म्हणून बर्फ फोडायला जास्त टॉर्क लागणार नाही. रोजच्या चालण्यात चावीवर जुन्याइतकाच जोर येतो. मग चावी का जावी?

कारण ड्रम अडकतो. लादी आडवी पडते, दोन दातांमध्ये जाडा तुकडा पाचरीसारखा बसतो, किंवा पावसात वीज जाते आणि ड्रममध्ये अर्धवट फोडलेला बर्फ असताना तसेच पुन्हा चालू करतात. अशा वेळी मोटर थांबण्यापूर्वी आपला कमाल टॉर्क लावते. साध्या इंडक्शन मोटरचा हा कमाल टॉर्क प्लेटवरच्या टॉर्कच्या दोन ते तीन पट असतो. आपण अडीच धरू. जुन्या मोटरवर अडकताना चावीपाशी सुमारे ४३८ न्यूटन-मीटर येत होते, नव्यावर ५९७ येतात. रोजच्या कामात न दिसणारा फरक इथे दिसतो.

हे ५९७ चावीच्या भाषेत बघू. शाफ्टच्या कडेवरचा रेटा म्हणजे टॉर्क भागिले त्रिज्या: ५९७ ÷ ०.०१७५ = ३४,१०० न्यूटन, साधारण साडेतीन टन वजनाइतका. १० × ८ ची चावी शाफ्टमध्ये ५ मिमी खोल बसते, म्हणून कपलिंगच्या खाचेत तिची जेमतेम ३ मिमी उंची उरते. हे ३ मिमी गुणिले ४० मिमी लांबी, म्हणजे १२० चौरस मिमी, एवढ्याच जागेवर सगळा रेटा. भागून दाब येतो २८४ न्यूटन प्रति चौरस मिमी. साध्या एमएसची चावी साधारण २५० ला कायमची दबायला लागते.

जुन्या मोटरचा तोच हिशेब: ४३८ ÷ ०.०१७५ = २५,००० न्यूटन, दाब २०८. म्हणजे अडकल्यावरही जुनी चावी मर्यादेच्या आत राहायची आणि नवी प्रत्येक वेळी मर्यादा ओलांडते. कापले जाण्याचे बघितले तर क्षेत्रफळ १० × ४० = ४०० चौरस मिमी, ताण फक्त ८५ येतो. म्हणून ती कापली जात नाही, दबते. काढलेल्या चावीवरची पायरी हेच सांगत होती.

खरा झटका यापेक्षा थोडा जास्तच असतो. ड्रम अचानक थांबला की मोटरच्या फिरत्या रोटरमधली ऊर्जाही चावीवर येते, आणि मोठ्या मोटरचा रोटर जड असतो. रबरी स्पायडर तो थोडा गिळतो. स्पायडर झिजून पातळ झाला असेल तर तेवढेही नाही.

ओव्हरलोड रिले का वाचवत नाही

मोटर बदलताना वायरमन रिलेही नव्या प्लेटप्रमाणे वर नेतो. ५.५ किलोवॅटला ४१५ व्होल्टवर सुमारे ११ अँपिअर लागतात, ७.५ ला सुमारे १४. मोटरच्या दृष्टीने सेटिंग बरोबरच असते, पण आता ते चावीसाठी राहिलेले नाही. रिले परत ११ वर आणणे चांगलेच, मात्र त्याने चावी वाचेल असे समजू नका. थर्मल रिले हा गरम होऊन तुटणारा प्रकार आहे. मोटर जाम होऊन करंट सहा-सात पट गेला तरी तो तुटायला काही सेकंद घेतो. चावी दबायला त्याचा छोटासा अंशही पुरतो.

खरोखर किती टॉर्क लागतो ते मोजा

मोटर परत लहान करायची म्हटली की मालक विचारतो, "कमी पडली तर?" रास्त प्रश्न आहे. मोजून उत्तर द्या.

क्लॅम्प मीटरने नुसता करंट बघून किलोवॅट काढू नका. रिकामी फिरतानाही मोटर प्लेटवरच्या करंटच्या तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त घेते, आणि तेव्हा पॉवर फॅक्टर फार कमी असतो. निम्मा करंट म्हणजे निम्मी शक्ती, असे गणित इंडक्शन मोटरला लागू पडत नाही. किलोवॅट थेट दाखवणारा पॉवर मीटर लावा आणि शाफ्टवर परावर्तक पट्टी चिकटवून टॅकोमीटरने आरपीएम घ्या.

समजा एकामागून एक लाद्या सोडताना मीटर ५.२ किलोवॅट दाखवतो. हे मोटरमध्ये जाणारे झाले. प्लेटवरचे किलोवॅट मात्र शाफ्टवर बाहेर येणारे असतात, हा फरक कायम लक्षात ठेवा. मोटरची कार्यक्षमता ०.८७ धरली तर शाफ्टवर ४.५ किलोवॅट. टॅकोमीटर १४६४ दाखवतो. मोटर पूर्ण भाराखाली नाही म्हणून ती १४४० च्या वर फिरते, आणि हीच एक सोपी खूण आहे की मोटर मोठी आहे. टॉर्क: ९५५० × ४.५ ÷ १४६४ = २९.४ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सनंतर गुणिले ५ गुणिले ०.९६, म्हणजे १४१.

५.५ किलोवॅटची मोटर तिथे सतत १७५ देऊ शकते. काम १४१ चे आहे. जुनी मोटर कमी पडत नव्हती.

मग करायचे काय

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे ५.५ किलोवॅटची मोटर परत बसवणे. फ्लँज तीच असल्यामुळे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ७.५ ची मोटर दुसरीकडे कामाला येते. चवथ तोंडावर असेल तर मोटर आधी मागवून ठेवा. त्या आठवड्यात दुकानेही बंद आणि फिटरही गावी.

तेवढे शक्य नसेल आणि ७.५ वरच सीझन काढायचा असेल, तर चावीची लांबी वाढवा. कपलिंगचा हब ६० मिमीचा घेऊन चावी ५५ मिमी केली की टेकायची जागा ३ × ५५ = १६५ चौरस मिमी होते आणि अडकतानाचा दाब ३४,१०० ÷ १६५ = २०७ वर येतो. जुन्या मोटरवर होता तेवढाच. आधी शाफ्ट आणि त्याची खाच तेवढी लांब आहे ना ते बघा. चावीची टोके गोल असतील तर तेवढी लांबी हिशेबातून वगळा, कारण गोलाईवर जोर बसत नाही.

पण यात एक मेख आहे. चावी वाचली की जोर पुढे गिअरबॉक्सवर जातो. गिअरबॉक्सच्या प्लेटवर आउटपुट टॉर्क लिहिलेला असतो. तो समजा ३५० न्यूटन-मीटर असेल, तर ५.५ किलोवॅटवर ३५० ÷ १७५ = २ हा सर्व्हिस फॅक्टर मिळत होता. ७.५ वर तो १.४६ राहतो. झटके खाणाऱ्या क्रशरला हा फार कमी आहे. चावी शंभर-दोनशे रुपयांची, गिअरचा सेट हजारोंचा, आणि तो सीझनमध्ये लगेच मिळेल याची खात्री नाही. ईएन-८ ची कडक चावी घालण्याच्या सल्ल्यालाही हाच आक्षेप आहे. चावी टिकते, कास्ट आयर्नच्या हबची खाच फुटते.

म्हणून मोठी मोटर ठेवायचीच असेल तर कपलिंगच्या जागी टॉर्क लिमिटर बसवणे जास्त शहाणपणाचे. घर्षणाच्या चकत्या आणि डिस्क स्प्रिंग असलेला साधा प्रकार पुरतो. तो लागणाऱ्या टॉर्कच्या साधारण दुप्पट, इथे २८० न्यूटन-मीटरच्या आसपास लावा. १४१ वर तो घसरणार नाही आणि ४३८ किंवा ५९७ चावीपर्यंत पोचूच देणार नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या क्रशरांना हा त्रास कमी होता तो याचसाठी: अडकले की पट्टा घसरायचा, चिरकायचा, वास यायचा, आणि कोणीतरी धावत जाऊन बंद करायचे.

लिमिटर बंदीच्या दोन महिन्यांत गंजून चिकटू शकतो, आणि चिकटलेला लिमिटर म्हणजे नुसते कपलिंग. सीझन सुरू करण्यापूर्वी नट ढिला करून चकत्या हाताने फिरतात ना ते बघा, मग पुन्हा ठरलेल्या ताणावर आवळा.

उत्तर जुळत नसेल तर किती पटीने चुकले ते बघा

दोघांचे हिशेब वेगळे येतात तेव्हा वाद घालण्यापेक्षा मोठ्या उत्तराला लहानाने भागा. येणारा आकडाच चूक सांगतो.

१.३४ आले तर किलोवॅट आणि एचपीची अदलाबदल. १.३६ च्या आसपास आले तर थोडे थांबा, त्याची दोन कारणे असू शकतात. एक, टॉर्क फूट-पाउंडमध्ये काढला आहे. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, आणि ५२५२ × एचपी ÷ आरपीएम हे सूत्र फूट-पाउंडच देते. दोन, एचपी मेट्रिक आहे. १ किलोवॅट म्हणजे १.३६ मेट्रिक एचपी. जपानी आणि युरोपीय इंजिनांच्या कागदांवर पीएस लिहिलेले असते ते हेच, ०.७३५५ किलोवॅटचे. आपल्या मोटरींवरच्या एचपीपेक्षा ते दीड टक्क्याच्या आत लहान आहे. त्या दीड टक्क्याने काही मोडत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

९.८ पट फरक असेल तर एकाने किलोग्रॅम-मीटरमध्ये काढले. जुन्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकांत तेच एकक असते आणि सूत्रात ९५५० च्या जागी ९७४ येते. आपले २३९ न्यूटन-मीटर तिथे २४.४ दिसतील. ६.२८ पट आले तर २π विसरला. १००० पट आले तर वॅट-किलोवॅट. आणि गिअरबॉक्सच्या गुणोत्तराइतकाच, इथे पाचपट, फरक असेल तर आरपीएम चुकीच्या शाफ्टचा घातला.

ही शेवटची चूक ट्रॉलरवर सगळ्यात महाग पडते. १२० एचपीचे इंजिन, १८०० आरपीएम, रिडक्शन ३:१. पंख्याचा शाफ्ट ६०० ने फिरतो, म्हणून टॉर्क ७१२१ × १२० ÷ ६०० = १४२४ न्यूटन-मीटर, गिअरचा तोटा वजा करण्यापूर्वी. कोणी प्लेटवरचे १८०० घातले तर उत्तर ४७५ येते आणि तिसऱ्या हिश्श्याच्या टॉर्कवर शाफ्ट आणि कपलिंगचे बोल्ट ठरतात. पंख्याच्या बाजूचे बोल्ट दर खेपेला ढिले होतात किंवा तुटतात अशी तांडेलाची तक्रार असेल, तर बोल्टच्या ग्रेडआधी हा भागाकार तपासा.

व्हीएफडी लावलेल्या क्रशरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. वेग निम्मा केला, ७.५ किलोवॅट तसेच ठेवून ७२० आरपीएम घातले, तर सूत्र मोटरच्या शाफ्टवर ९९.५ न्यूटन-मीटर देते. ते खोटे आहे. २५ हर्ट्झवर मोटरचा टॉर्क ४९.७ च राहतो आणि शक्ती निम्मी, ३.७५ किलोवॅट होते. वेग कमी करून टॉर्क वाढवण्याचे काम गिअरबॉक्स करतो, व्हीएफडी नाही. कमी वेगाने मोटरचा स्वतःचा पंखाही हळू फिरतो, म्हणून तेवढा टॉर्क सतत घेतला तर मोटर तापते. व्हीएफडीचा खरा फायदा वेगळा आहे. त्यात टॉर्कची वरची मर्यादा घालता येते. १२० टक्क्यांवर बांधून ठेवली तर अडकताना अडीच पट जोर मोटर लावूच शकत नाही. रोटरमधल्या ऊर्जेचा झटका तेवढा उरतो.

हिशेब वारंवार करायचा असेल तर फोनवरच्या शीटमध्ये A2 मध्ये किलोवॅट, B2 मध्ये मोटरचे आरपीएम, C2 मध्ये गुणोत्तर आणि D2 मध्ये गिअरबॉक्सची कार्यक्षमता घालून एवढे ठेवा:

```
=9549.3*A2/B2*C2*D2
```

7.5, 1440, 5 आणि 0.96 घातल्यावर 238.7 आले पाहिजे. नाही आले तर रकाना चुकला आहे.

काम झाल्यावर गिअरबॉक्सच्या अंगावर ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत लिहा: मोटर ५.५ किलोवॅट म्हणजे ७.५ एचपी, १४४०. बाहेर २८८, १७५ न्यूटन-मीटर. चावी १० × ८ × ४०. दोन्ही एककांत लिहा. पुढच्या मे महिन्यात मोटरची ऑर्डर देणारा माणूस दुसराच असेल.